खोकला थांबला तेव्हा

एका मंगळवारी बाबांनी बिडी सोडली. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. बाबा रिसोडला पोस्टमन होते. मालेगावच्या वाटेवरच्या चढावर ते आता धाप लागून सायकलवरून उतरत, अर्ध्यात उभे राहत. पोस्टाच्या साहेबानं सांगितलं होतं, पाऊस लागण्याआधी चढ जमला नाही तर खेड्यांची फेरी दुसऱ्याला देऊ.

बिडी सोडल्यावर दोन-चार दिवसांत त्यांना डोकं हलकं वाटू लागलं. पण दुसऱ्या आठवड्यात खोकला वाढला. पहाटे बसून ते काळपट बेडके थुंकत. आई गेलेली, घरात आम्ही दोघंच. शेजारची काकू भिंतीपलीकडून म्हणाली, "बिडी सोडली अन् खोकला वाढला. मास्तर, तुयं पुस्तक काय म्हनते?"

मी शाळेत शिकवायचो, पण माझ्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. आमच्याकडे सकाळची बिडी छाती मोकळी करते असं सगळेच मानत. एका पहाटे बाबा खोकता खोकता म्हणाले, "एक दे रे. कफ अडकून राह्यला." काडी मीच पेटवली, आणि बिडी पुन्हा रोजची झाली. आठवडाभरात खोकला बसला. घर शांत झालं, आणि मला बरं वाटलं.

महिन्यानं चढावर ते खाली बसले. पत्रं वाटेवर पडली. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना मी अभिमानानं सांगितलं की बिडी सोडल्यावर वाढलेला खोकला, पुन्हा बिडी दिल्यावर केव्हाच थांबलाय.

डॉक्टरांनी नळी बाबांच्या छातीवरून काढली. मग म्हणाले, "मास्तर, श्वासनळीत आतून बारीक केस असतात. ते कफ वर लोटतात. धुरानं ते लुळे पडतात. बिडी सुटल्यावर ते पुन्हा हलू लागले होते, म्हणून घाण बाहेर येत होती. तुम्ही झाडणारा थांबवलात."

बाबांनी खिशातलं बंडल टेबलावर ठेवलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तुले काय ठाऊक होतं?"

या वेळी खोकला पुन्हा आला, तेव्हा मी पाणी गरम करून देत शेजारी बसलो. दोनेक महिन्यांत बेडके पांढरे झाले, मग कमी झाले. पण पाऊस आधी आला आणि फेरी गेली. बाबा पोस्टात बसून टपालावर शिक्के मारू लागले. दिवाळीला आम्ही दोघं त्या चढावर गेलो. एकदा थांबून, पण ते वर पोचले. वर उभं राहून बराच वेळ ते खालच्या वाटेकडे पाहत होते.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, फुप्फुसाचा जो भाग धुरानं फाटलाय तो भरून यायचा नाही. उरलेला मात्र आता हळू झिजेल. तसंच झालं. पाच वर्षं ते एका थांब्यात चढ चढत. सहाव्या हिवाळ्यात सर्दी छातीत उतरली, आणि फाटलेल्या भागाची उणीव उरलेल्याला भरून काढता आली नाही.

मी अजून पहाटे उठतो. पाणी एकाच माणसाचं ठेवतो. घरात आता कोणी खोकत नाही.