बाटलीवरच्या खाचा

परवा कपाटात आजीची औषधाची बाटली सापडली. बुचाला अजून तोच कडवट वास होता.

ही बाटली आणली तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. हैदराबादेत पाट्या बदलल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं लॅटिन मात्र तेच राहिलं. औषध संपलं आणि एरवी ते आणणारे काका परगावी गेलेले, म्हणून आजी चिठ्ठी घेऊन सुलतान बाजारातल्या दवाखान्यात निघाली. सोबत मी, इंग्रजी शिकणारी शहाणी नात.

कंपाउंडरसाहेबांनी औषध बनवून बाटलीवर खाचांची कागदी पट्टी चिकटवली. "अम्मा, एक खाच, एक खुराक. बाटली हिलाके, पानी मिलाके, सोते वक्त. ज्यादा नक्को."

"ताकदीच्या औषधानं एवढी झोप का येते?" आजीनं विचारलं.

त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "ताकद का नहीं, अम्मा. ब्रोमाइड है, नींद का. दिमाग शांत रखता."

गावचं घर का विकलं, हे आजी काकांना रोज विचारायची.

ती माझ्याकडे वळली. "टॉनिक आहे म्हणून तूच वाचून दाखवलंस ना?"

काकांनी पढवलं होतं तसंच मी वाचलं होतं.

पुढे घरी आलेलं प्रत्येक पत्र आजी कंपाउंडरसाहेबांकडून वाचून घ्यायची. मी बी.ए. झाले तरीही.