माझ्या स्कूटरच्या मीटरमध्ये न दिसलेले पाच हजार

गाडी विकायची ठरली तेव्हा जाहिरात नातीने लिहिली. ती कॉलेजात जाते, मोबाईलवर तिचा हात माझ्या लाटण्यासारखा चालतो. बाहेरच्या सोप्यावर बसून तिने मोठ्याने वाचून दाखवलं: ‘गिअर नसलेली स्कूटर, तेरा वर्षं जुनी, एकच मालक, निवृत्त शिक्षिकेने जपून वापरलेली. रनिंग ३३,९०० किलोमीटर. सर्व्हिसिंगची पूर्ण वही आहे. आर.सी. मालकाच्या नावावर, कर्ज नाही, नोंदणी अजून दोन वर्षं. विमा आणि पीयूसी चालू.’

‘जपून वापरलेली’ ऐकून मला ठसका लागला. पुढचं मडगार्ड मी दोनदा तुळशीवर घातलं होतं.

‘आजी, वही दे. फोटो टाकायचा आहे.’

ही वही कारापूरच्या आमच्या मेस्त्रीची. गाडी नेली की तो तारीख, मीटरचा आकडा आणि केलेलं काम स्वतःच्या गोल अक्षरात लिहायचा. नातीने पानं उलटली आणि थांबली.

‘आजी, हे काय गो? १४,८७०. ऑइल बदललं, बेल्ट नवीन. सहा महिन्यांनी परत १४,८७०. मग आणखी एकदा १४,८७०! दीड वर्ष गाडी काय अंगणात पूजेला ठेवली होतीस?’

मी खुर्चीच्या पाठीला टेकले. आतल्या खोलीत आमचे हे पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला आणि थांबला.

तर त्या वेळी मी तरुण होते. पंचावन्नची. निवृत्तीला पाच वर्षं बाकी, गुडघे शाबूत आणि डोक्यात वारं. पाळी गावच्या उत्सवातल्या नाटकात मला राजमातेचं काम मिळालं होतं. एकूण सात वाक्यं, त्यातली दोन रडत. पण मी अशी मिरवायचे, जणू माझ्यावाचून ते राज्यच बुडणार.

अडचण रस्त्याची होती. आमचे हे खाणीवर वजनकाट्यावर होते. रोज शेकडो ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोरून जायचे. कुठल्या ड्रायव्हरला झोप आली आहे, कुणाचे ब्रेक ढिले, सगळं त्यांना ठाऊक. त्यांनी मला साफ सांगितलं होतं, ‘शाळेत जा, बाजारात जा. पाळीच्या रस्त्यावर स्कूटर घालायची नाही.’ मी मान हलवली आणि सांगितलं की नाटकवाल्यांची जीप येते न्यायला. जीप खरंच होती. पण ती दहा घरं फिरत, सगळ्यांची वाट बघत जायची, आणि पोचल्यावर माझा पदर चुरगळलेला. मला स्वतःच्या गाडीवर, गॉगल लावून पोचायचं होतं.

ह्यांची एक सवय होती. दर शनिवारी गाडी पुसताना मीटर बघायचे. काट्यावरच्या माणसाला आकडा बघितल्याशिवाय चैन नसते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, ‘शाळा लांब सरकली का काय?’

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या चाकापाशी बसले आणि पकडीने मीटरच्या केबलचं नट सोडवलं. ती केबल चाकातून फिरते, तेव्हाच मीटर पुढे सरकतो, एवढं मी मेस्त्रीकडे बघून शिकले होते. बेत असा, की तालमीला जाताना सोडवायची, शाळेत जाताना लावायची. केवढी अक्कल! तिसऱ्या दिवशी नट खनिजाच्या लाल धुळीत कुठेतरी पडलं. लोंबणारी केबल मी केसांच्या रबराने बांधली. मेस्त्रीला सांगावं तर तो ह्यांच्या ओळखीचा. मग त्याला म्हटलं, ‘केबल राहू दे, नंतर बघू,’ आणि घरी सांगितलं, ‘मीटर बिघडला, पार्ट येत नाही,’ आणि दीड वर्ष तेच सांगत राहिले. वेगाचा काटासुद्धा शून्यावरच. मला वाटायचं मी वाऱ्यासारखी जाते, आणि मागून दूधवाल्याची सायकल टिंग टिंग करत पुढे जायची. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, रस्ता रिकामा झाला, तेव्हाच मी नवी केबल घातली.

हे सगळं मी नातीला हळू आवाजात सांगितलं. ती हसून लोळली. मग म्हणाली, ‘बरं, आता ३३,९००च राहू दे. कोण बघतंय?’

मीही तेच म्हणणार होते. तेवढ्यात, गाडी विकायची आहे हे कुणाकडून तरी ऐकून सकाळी ज्या बाईचा फोन आला होता, ती आठवली. बेळगावकडची, औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला. पहिली पाळी सहाची, त्या वेळेला बस नाही, आणि नवऱ्याची ड्युटी दुसऱ्या बाजूला. तिने एकच प्रश्न विचारला होता, ‘मावशी, वाटेत बंद पडत नाही ना?’

बेल्ट बदलला त्याला वहीप्रमाणे एकोणीस हजार झाले होते. खरे धरले तर चोवीस. आमचा मेस्त्री वीस हजारांनंतर बेल्टवर विश्वास ठेवत नाही. बेल्ट तुटला की इंजिन घुरघुरत राहतं आणि चाक जागचं हलत नाही. काळोखात, काजूच्या बागांमधल्या रस्त्यावर, एकटी बाई.

‘लिही,’ मी नातीला म्हटलं. ‘मीटरवर ३३,९००. मध्ये दीड वर्ष केबल काढलेली होती, त्यामुळे खरं रनिंग पाच हजारांनी जास्त. बेल्ट बदलायला झाला आहे.’

‘काढलेली की तुटलेली?’

‘काढलेली.’

पेपर आतून बाहेर आला. मागोमाग हे.

‘कोणी काढलेली?’

नात उठून पाणी आणायला पळाली. मी सांगितलं. सात वाक्यांची राजमाता कशी रोज ट्रकांमधून गेली ते सगळं. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. सोप्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

‘मी काट्यावर बसून दर ट्रकाचं वजन घेत होतो,’ ते म्हणाले, ‘आणि तू त्याच ट्रकांच्या मागे होतीस.’

एवढंच. मग आत गेले. चहा मी नेला तो प्याले, पण बशी परत देताना माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मला माझा तो गॉगल आठवून हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मेस्त्रीला घेऊन आले. बाजूचं झाकण उघडलं. बेल्टला आतून बारीक चिरा होत्या, नखाने उकलतील अशा. मेस्त्रीने वहीत नवीन ओळ लिहिली. ह्यांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खाली स्वतः लिहिलं, ‘खरे रनिंग सुमारे ३८,९००.’ आणि सही केली, जशी काट्याच्या पावतीवर करायचे तशी.

रविवारी ती बाई नवऱ्याबरोबर आली. भाडेकरार, आधार, फोटो, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. नाव बदलायच्या अर्जांवर मी सह्या केल्या. मी बजावलं, ‘उद्याच्या उद्या डिचोलीच्या वाहतूक कार्यालयात दे. नाहीतर तू सिग्नल तोडशील आणि दंडाची चिठ्ठी मला येईल.’

तिने वही वाचली. एकसारखे तीन आकडे बघितले, खालची सही बघितली.

‘मावशी, सकाळी आणखी दोन गाड्या बघितल्या. सगळ्यांनी सांगितलं, गाडीचं काही म्हणजे काही काम नाही.’ तिने चावी पर्समध्ये टाकली. ‘हीच नेते.’

आमचे हे तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. पहाटे हेडलाइट खाली ठेव, वळणावर हॉर्न दे, ट्रकाच्या डाव्या बाजूने कधी घुसू नको, असं सांगत राहिले. ती प्रत्येक वाक्याला ‘हो काका’ म्हणत होती.

मग ती माझ्याकडे वळली. ‘मावशी, गाडीबद्दल आणखी काही सांगायचं राहिलंय?’

हे, नात, तिचा नवरा, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

‘गाडीबद्दल नाही,’ मी म्हटलं.