कुठून बसले ते सांगा पहिले

आमचे हे, म्हणजे शेषराव, जलमभर एसटीत कंडक्टर होते. तेल्हारा-अकोला, अकोला-तेल्हारा. घंटी मारायची, तिकीट फाडायचं आन् विचारायचं, "कुठून बसले? कुठं जायचं?" रिटायर झाले, पण जिभेची सवय काई रिटायर झाली नाई. दारावरून कोणी गेलं का विचारतात, "कोठचे बा तुमी?" आन् त्यानं उलटून विचारलं का हे पाणी पाजून सगळी कुंडली सांगतात. घर कोणतं, पोरगी काय शिकली, माही शुगर किती. मी आतून भांडी आपटते, पण यायले ऐकू येईल तर शपथ!

यायचं म्हणणं असं, का विचारणाऱ्याले सांगतलं नाई तर तो आपल्याले मग्रूर समजते. आमच्याकडे खरंच तसं आहे म्हणा. लग्नात शेजारच्या पाटावरचा माणूस आपला पगार विचारते, आपण सांगतो, आन् कोणाले राग येत नाई. पण तो माणूस आपल्या पंगतीत बसलेला असते, हे आमच्या यायच्या ध्यानात आलं नाई.

आमची पायल अमरावतीले एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली. खोली करून एकटी राहाची. माह्या मनात धाकधूक होती. पण हे म्हणे, "माही पोरगी वाघीण आहे. तू काहून जीव खाऊन राहिली?" रोज संध्याकाळी तिचा फोन येणार, आन् तो यायलेच. पेशंट कसा होता, डब्यात काय होतं, कोण सिस्टर कोणावर चिडली, सगळं बापाले. माह्या हातात फोन येईस्तोवर गोष्टी संपलेल्या असत. मले जळायले व्हायचं, खरं सांगते.

मंग यायनं तिचा पांढऱ्या ड्रेसमधला फोटो फेसबुकवर टाकला. "आमची पायल स्टाफ नर्स झाली. जय भीम." नावाखाली पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह, म्हणजे सगळ्या दुनियेले दिसणार. अभिनंदनाचे फुलंच फुलं आले. त्यातच एक माणूस, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. लिहिलं होतं, "अभिनंदन काका! ताई कोणत्या दवाखान्यात? पगार किती? राहते कुठं?"

आता या माणसानं काय कराव? चष्मा लावला आन् एका बोटानं टाइप करत बसले. मले वाटलं धन्यवाद लिहून राहिले. नंतर वाचलं तर पायाखालची जमीन सरकली! दवाखान्याचं नाव, पगाराचा आकडा, पाण्याच्या टाकीमागचं निळ्या गेटचं घर, वरची खोली, "आन् नाईट असली का दिवसा घरीच असते, कधीबी या." आ बैल मुझे मार, दुसरं काय!

पायलचा फोन आला. "बाबा, ते पहिले काढा!" हे घाबरले. काढाच्या ऐवजी एडिट केलं आन् नुस्तं 'धन्यवाद' लिहिलं. हुश्श केलं. पण पोरगी म्हणे, "बाबा, एडिट करून जुनं जात नाई, 'एडिटेड' वर दाबलं का पहिलं लिहिलेलं दिसते. डिलीटच करा." मंग मीच बोट दाबून धरलं, डिलीट केलं, आन् पोस्टवरचा तो गोळा काढून फक्त ओळखीच्याइले दिसेल असं केलं. त्या गुलाबाच्या फुलाले पायलनं सांगतलं तसं ब्लॉक केलं. पण ज्यानं वाचाचं त्यानं वाचून घेतलेलं असते. त्याले कोण डिलीट करणार?

दोन-तीन दिवसांनी एक माणूस पेढ्याचा डबा घेऊन निळ्या गेटवर उभा. "पायल सिस्टर वरच्याच खोलीत नं? आता घरीच असतीन." घरमालकीण जाईबाई मोठी खमकी बाई. म्हणे, "तुमी कोण? इथं कोणी नाई राहत," आन् कडी लावून घेतली. तो गल्लीच्या तोंडाशी मोप वेळ उभा होता. पायल वरच्या खिडकीच्या आड बसून पाहत होती. माही लेकरू! तिनं ठाण्यात सांगून ठेवलं आन् मैत्रिणीसंग, खुशीसंग, दुसऱ्या खोलीवर गेली.

नवा पत्ता तिनं मले दिला. वरून म्हणे, "आई, बाबाले सांगू नको."

तवापासून फोन माह्याकडे याले लागला. यायच्या हाती दिला का तिकडून, "बरी आहे बाबा. ठेवते." एवढंच. मले आनंद व्हायले पायजे होता नं? नाई झाला. अवो, जिले सगळं बापाले सांगितल्याबिगर घास उतरत नव्हता, ती पोट्टी!

आन् यायनं, सगळ्या तालुक्याले 'कुठं जायचं' विचारणाऱ्या माणसानं, पोरीले एकदाबी विचारलं नाई का कुठं राहते. कुरड्या, तिखट, जे धाडायचं ते ओळखीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचे. "स्टॅंडवर येऊन घेऊन जाय म्हणाव तिले," एवढंच. मी एकदा म्हटलं, "सांगू का?" तर म्हणे, "नाई. तिनंच सांगाव." मी मंग चुलीकडे तोंड करून रडली. असा भोळा आन् असा अडेल माणूस माह्याच नशिबी!

दिवाळीनंतर अकोल्याले रिटायर झालेल्या कर्मचाऱ्याइच्या लेकराइचा सत्कार होता. पायल आली, शाल घेतली, बापाजवळ उभी राहून फोटो काढला आन् परत गेली. यायचे जुने दोस्त देवानंद, तेबी कंडक्टर, त्यायनं तो फोटो फेसबुकवर टाकला, सगळ्याइले दिसेल असा, यायचं नाव जोडून. झालं! कोणीतरी अनोळखी खाली हजर. "व्वा काका! ताई कुठं असते? पत्ता द्या नं. पगार चांगला असेल?"

आम्ही ओट्यावर बसलो होतो. यायनं वाचलं, चष्मा पुसला. मी म्हटलं, "हात नका लावू. सोडून द्या." हे ऐकतात थोडेच! टाइप करत बसले, त्याच एका बोटानं. मी फोन ओढायच्या आत धाडलंबी. वाचलं तर काय:

"भाऊ, जय भीम. मी एसटीचा कंडक्टर. प्रवासी कुठून बसला ते सांगत नाई तवर मी पुढचं तिकीट फाडत नाई. तुमी कोण, कोणाचे, हे पहिले देवानंदभाऊले फोन करून सांगा. पोरीचं मी इथं सांगत नाई."

मी हसून हसून लोटपोट! जुने कंडक्टर, ड्रायव्हर सारेच तिथं हसाचे चिन्हं टाकून राहिले. एकानं लिहिलं, "शेषराव, डबल घंटी!" तो विचारणारा काई पुन्हा बोलला नाई. देवानंदभाऊनं फोटो त्यायचा असल्यानं तो प्रश्नच काढून टाकला.

थोड्या वेळानं फोन वाजला. मी उचलला तर पायल. "आई, बाबानं लिहिलेलं वाचलं मी. बाबाले दे."

मी दिला. हे नुस्तं 'हां, हां' करत होते. मंग तिकडून तिचा आवाज मलेबी ऐकू आला, "बाबा, नव्या खोलीचा पत्ता लिहून घ्या."

हे उठून उभेच राहिले. मी पेन शोधाले आत पळाली, तर मांगून आवाज आला.

"लिहत नाई बेटा. सांग तू, मी ध्यानात ठेवतो."