चौथी तार

आमच्या गावात विजेतलं ज्याला सगळ्यात कमी कळतं, तो सगळ्यात ठासून बोलतो. मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, तरी पारावर दोन वाक्यं बोलायची तर मला आधी विचारावं लागतं. त्या दिवशी मात्र मी कुणाला विचारलं नाही. मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

शेवटच्या गल्लीतल्या एका बाईनं घरात पिठाची छोटी चक्की बसवली होती. ती आणि तिचा नवरा दरसाल ऊसतोडीला जातात. पोरगी माझ्याच वर्गात, नववीला. चक्की चालली तर यंदा नवरा एकटा जाईल, आपण पोरीला घेऊन गावातच राहू आणि तिची शाळा बुडणार नाही, एवढाच तिचा बेत. मीटर रीतसर, वायर रीतसर. पण चक्की लागली आणि काही दिवसांत गावातले बल्ब फुटायला लागले. चक्की घरघरली की वरच्या आळीतले दिवे भक्कन वाढायचे. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रिज जळाला. मग काय, निकाल लागला. सरपंचाच्या चुलतभावानं वाळल्या बांबूला कोयता बांधला आणि खांबावरून तिच्या घरात गेलेली वायर तोडून टाकली. त्याच खांबाच्या मागच्या बाजूला त्याच्या भावकीचे आकडे लोंबत होते, चोरून वीज घेणारे. त्यांच्याकडं कोयता वळला नाही.

ती माझ्याकडं आली तेव्हा रडत नव्हती. चक्की लागली की तिच्या स्वतःच्या घरातला दिवा मंद व्हायचा, चक्की नुसती गुरगुरायची, असं तिनं सांगितलं. माझ्या डोक्यात तिथंच उजेड पडला. मी गावाबाहेरच्या डीपीकडं गेले, म्हणजे आमच्या ट्रान्सफॉर्मरकडं. पेटीचं झाकण कधीच गायब झालंय, त्यामुळं लांबूनही आतलं दिसतं. चौथ्या तारेचा जोड जळून कोळसा झाला होता आणि तार नुसती टेकून उभी होती. वायरमनला हे लोकांनी आधीच सांगितलं होतं. त्याच्या गळ्यात इतकी गावं बांधलीत की आमच्या डीपीची पाळी कधी येणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मारुतीच्या पारावर सगळे जमलेच होते, त्या बाईला दंड काय करायचा ते ठरवायला. मी उभी राहिले आणि पार परळीच्या वीजकेंद्रापासून सुरुवात केली. तिकडं कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेच्या जोरानं चाक फिरतं, चाकाबरोबर तारांच्या वेटोळ्यात मोठं चुंबक फिरतं आणि वेटोळ्यात वीज तयार होते. ती तशीच लांब पाठवली तर तारा तापून वाटेतच बरीच वाया जाईल. म्हणून तिचा दाब लाखो व्होल्टपर्यंत चढवतात. दाब जास्त असला की तेवढंच काम थोड्या प्रवाहात होतं आणि तारा कमी तापतात. माळावरचे उंच मनोरे आहेत ना, ते तिच्यासाठी. राज्यातल्या सगळ्या केंद्रांची वीज त्या जाळ्यात एक होते. मग दाब टप्प्याटप्प्यानं उतरवत आणतात. आपल्या सबस्टेशनातून निघते तेव्हा तो अकरा हजार असतो, आणि डीपीत उतरून आपल्याला चालेल एवढा होतो.

एवढ्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. परळी लांब असते. लांबचं विज्ञान सगळ्यांना पटतं.

पुढचं गावातलं होतं. डीपीतून चार तारा निघतात, मी म्हटलं. तीन फेजच्या, चौथी न्यूट्रल. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो. फेजवरून वीज मीटरमधून बोर्डात, सॉकेटच्या एका भोकात येते, तुमचा पंखा फिरवते आणि दुसऱ्या भोकातून न्यूट्रलवरून माघारी जाते. वरचं मोठं भोक अर्थिंगचं, ते जीव वाचवायला.

तेव्हा चुलतभाऊ उठला. "म्याडम, ते समदं ऱ्हाऊ द्या. तिची चक्की लागली की आमची लाईट वाढती, हे आमी डोळ्यानं बघितलंय."

"तुम्ही बघितलं ते खरं आहे," मी म्हटलं. "चक्कीनं वीज खाल्ली असती तर तुमचे दिवे मंद झाले असते. ते वाढले कशानं, तेवढं सांगा."

मग मी एका घरातून बैलांचे तीन कासरे आणि एक लोखंडी कडी मागवली. पारापुढं जमिनीत खुंटी ठोकली, कडी तिच्यात अडकवली, कडीला तिन्ही कासरे बांधले आणि तीन गडी तीन कोपऱ्यांत उभे केले. त्यातला एक मुद्दाम चुलतभाऊच घेतला, अंगानं तोच सगळ्यात दांडगा. कोपरे म्हणजे तीन फेज, खुंटी म्हणजे न्यूट्रल, आणि कडीपासून हातापर्यंतचा दोर म्हणजे त्या त्या घराला मिळणारा दाब. ओढा, म्हटलं. त्यानं जोर लावला, कडी जागची हलली नाही. मग मी खुंटी उपटली. कडी सरळ त्याच्याकडं घसरली. त्याचा दोर आखूड झाला आणि बाकी दोघांच्या हातांतून दोर सरकत लांबला. ज्याच्या फेजवर जास्त ओढ, इथं चक्कीची, त्याच्याकडं दिवा मंद. ज्याच्याकडं नुसता एक बल्ब, त्याच्याकडं दाब वाढून तो फुटणार. न्यूट्रल शाबूत असता तर चक्कीनं कुणाचं काही बिघडलं नसतं.

मग एका म्हाताऱ्यानं सगळं आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं, अगदी बरोबर. "म्हंजी खुंटी डीपीत उपटली, आन् आपण चक्की मोडत बसलो," असं तो म्हणाला. माना हलल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करते.

सरपंचाच्या एका फोनवर वायरमन दुपारीच आला. लाइन बंद करून त्यानं चौथ्या तारेचा जोड नवा केला. शेवटी टीव्ही सगळ्यांच्या घरात आहेत. गावातले दिवे एकसारखे झाले. तिची वायर मात्र खांबाला लोंबतच राहिली. वायरमन म्हणाला, सरपंच म्हणतील तेव्हा जोडतो. सरपंच म्हणाले, चुलतभावाला जरा निवू द्या. जणू वायर त्याचीच तुटली होती. मी पाटोद्याच्या वीज कार्यालयात जाऊन भांडले. तिथं मला म्हणाले, वायर कुणी तोडली त्याच्या नावानिशी तक्रार द्या. मी दिली, आणि गावात साक्षीला एकही माणूस मिळाला नाही. कडी कुठं घसरली ते सांगणारे मात्र चहाच्या टपरीवर रोज भेटत होते. मला त्या समजूतदार तोंडांचा अक्षरशः संताप यायचा.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. मी धावत गेले तेव्हा भांडीकुंडी चढली होती आणि पोरगी वर बसली होती. मी त्या बाईला म्हटलं, थोडं थांब, मी पुन्हा पारावर बोलते, लोकांना अजून नीट समजलं नसेल.

ती ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून उभी होती. म्हणाली, "समजलं की बाई. तुमी लई चांगलं सांगितलं, मला बी समजलं. न समजता तोडली, त्याचा राग न्हाई मला. समजल्यावर कुणी जोडाया आलं न्हाई, त्याचा हाय."