भानुमती गावंडेचे तीन हंगाम

भानुमती गावंडेला कुणी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" तर ती आधी महिना विचारायची. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, उलटून गेली असेल तर ती लग्नांत पुऱ्या लाटणारी. फेब्रुवारी असेल तर परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा देणारी. मधल्या रिकाम्या दिवसांत कुणी घरं मोजायला बोलावलं तर घरं, गाड्या मोजायला बोलावलं तर गाड्या. जबलपूरच्या गढा भागात तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा बळीराम रिछाईच्या कारखान्यात फिटर. सासूला दमा. सासूचा दमा कधी उसळेल याचा नेम नसल्यामुळे बाराही महिने बांधून ठेवणारी नोकरी भानुमतीला जमली नाही. एका शाळेत दीड वर्ष काढलं, सुट्ट्यांवरून रोज बोलणी खाल्ली आणि सोडून दिली. मग तिला कळलं की गावात अशी कामं पुष्कळ आहेत जी आठ दिवस, पंधरा दिवस चालतात आणि आपली आपण संपतात. फक्त ती सुरू होण्याआधी तिथं पोचायचं असतं.

हे पोचणं हीच तिची खरी विद्या. केटररकडं ती ग्यारसीच्या पंधरा दिवस आधी जायची, कारण ग्यारसीच्या दिवशी गेलं तर टोळी भरलेली. ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या कॉलेजांची तिनं यादी केली होती आणि दर जानेवारीत तिथल्या संयोजकाकडं आधार कार्ड, बी.ए.ची मार्कशीट आणि दोन फोटो देऊन यायची. सर्व्हेवाल्यांचा सुगावा मात्र कागदावर लागत नाही, तो माणसांकडून लागतो. म्हणून आधी काम केलेल्या प्रत्येकाचा नंबर ती जपून ठेवायची. खरमास, म्हणजे लग्नं बंद असलेला महिना, लागला की फोनवरचा केटररचा ग्रुप झोपी जायचा आणि परीक्षेचा जागा व्हायचा. कुठल्याही ग्रुपवर 'नोंदणी शुल्क भरा, ड्यूटी पक्की' असं आलं की ती सगळ्यांसाठी एकच ओळ लिहायची : "काम द्यायच्या आधी जो पैसे मागते, त्याच्यापाशी काम नसते."

त्या वर्षी लग्नं दाट होती. केटरर अण्णांनी तिला विजयनगरकडच्या लग्नाच्या एका गार्डनमध्ये पुऱ्यांच्या टोळीवर घातलं. मांडवामागं, भट्टीच्या धगीपासून चार हात दूर, आठ बाया सतरंजीवर बसायच्या. तिच्या शेजारी एक नवी मुलगी आली. वीस-बावीसची, चष्मा लावणारी, सुरुवातीला तिच्या पुऱ्यांना कोपरे यायचे.

"नाव काय गं तुझं?"

"शकु."

"शकु, लाटणं पकडून नको राहू, फिरू दे त्याले. पुरी आपोआप गोल होते."

चौथ्या लग्नापर्यंत शकुची पुरी गोल झाली आणि दोघींची गट्टी जमली. शकु लाटता लाटता पुटपुटायची. भानुमतीनं कान दिला तर ती सतराचा पाढा म्हणत होती. "परीक्षा देऊन राहिली का?" विचारल्यावर मुलगी नुसती हसली. घर कुठं, वडील काय करतात, यावर ती बोलत नसे. सतरंजीवर बसणाऱ्या बाया फार खोदूनही विचारत नाहीत. डिसेंबरच्या मध्याला खरमास लागला, टोळी पांगली आणि शकु कुठं गेली ते कळलं नाही. तिनं नंबर दिला नव्हता. भानुमतीच्या यादीत अशी जागा क्वचितच रिकामी राहायची.

फेब्रुवारीत बरगीच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात ऑनलाइन भरतीची परीक्षा लागली. संयोजक दिवाकरचा आदल्या दिवशी निरोप आला : साडेसहाला हजर, फोन गेटवर जमा, आणि आपला कुणी नातलग परीक्षेला नाही याच्या कागदावर सही. सकाळच्या बैठकीत केंद्राधीक्षक साहेबांनी सगळ्यांना उभं करून बजावलं, "फोटो मिल रहा है, इतने से मत मान लेना. आजकल दो चेहरे मिलाकर एक फोटो बना देते हैं. ज़रा भी शक हो तो खुद मत उलझना, मुझे बताना."

भानुमतीला तीन नंबरची लॅब मिळाली. उमेदवार अंगठ्याचा ठसा देऊन, झडती देऊन आत येत होते. ती एकेकाच्या प्रवेशपत्रावरचा फोटो, स्क्रीनवरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघत, हजेरीपत्रकावर सही घेत, कोरा कागद ठेवत पुढं सरकत होती. बाविसाव्या जागेवर चष्मा होता. शकु!

भानुमतीचं तोंड हसायला उघडलं आणि तसंच राहिलं. प्रवेशपत्रावर लिहिलं होतं : यशश्री पागे.

मुलीनंही तिला ओळखलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं मान खाली घालून सही केली. सही ठसठशीत, 'यशश्री' अशीच. फोटो तिचाच. पण महिनाभर रोज शेजारी बसलेल्या मुलीला भानुमती शकु म्हणून ओळखत होती, आणि सकाळचे शब्द कानात ताजे होते. पैशांची गरज असलेली, अभ्यासात हुशार मुलगी. अशाच मुलींना दुसऱ्याच्या नावावर बसवतात, हे तिनंही ऐकलं होतं.

ती उरलेल्या जागा तपासत शेवटच्या रांगेपर्यंत गेली. गप्प राहावं? उद्या काही निघालं तर दिवाकरच्या यादीतून तिचं नाव कायमचं जाईल. आणि यादी गेली चुलीत. हॉलमधली बाकीची पोरंही कुणाच्या घरची आशाच होती की. सांगावं, तर या पोरीचं काय होईल? पेपर सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती. ती दारातल्या दिवाकरला म्हणाली, "साहेबांना बोलवा जी. बावीस नंबर एकदा पाहून घ्या म्हणा."

साहेब आले, हळू आवाजात दोन शब्द बोलले आणि मुलीला बाहेर घेऊन गेले. सगळी लॅब वळून बघत होती. भानुमती कोऱ्या कागदांचा गठ्ठा विनाकारण सारखा करत राहिली. बाहेर पुन्हा अंगठा झाला, पुन्हा फोटो, मूळ आधार कार्ड, जन्मतारीख, वडिलांचं नाव. पेपर सुरू व्हायला सहा मिनिटं उरलेली असताना मुलगी परत आली. साहेब भानुमतीला म्हणाले, "बिलकुल सही कैंडिडेट है. आपने ठीक किया, मैडम." मुलगी जागेवर बसली. पुढचे दोन तास तिनं एकदाही वर पाहिलं नाही. भानुमतीनं मात्र त्या रांगेतून जाताना चपलेचा आवाज होऊ दिला नाही.

दोन पाळ्यांची ड्यूटी संपवून, फोन घेऊन ती चार-साडेचारला गेटबाहेर आली, तर समोरच्या चहाच्या टपरीवर ती मुलगी बसलेली. पहिली पाळी संपून तिला कितीतरी वेळ झाला होता.

"काकू, एकदा मला विचारायचं तरी."

"तिथं विचारता नाही येत बेटा, सांगाच लागते." भानुमती तिच्या शेजारी टेकली. "पण मला लय वाईट वाटून राहिलं. पेपर बिघडला का?"

"पहिले दहा प्रश्न नीट वाचताच आले नाहीत. नंतर जमला." तिनं चष्मा पुसला. "चूक माझीपण आहे. शकु माझ्या आजीचं नाव. बाबांना आमचं सगळं नेपियर टाउन भय्यासाहेब म्हणतं. गणिताचे मास्तर होते, आता रिटायर झाले. त्यांची मुलगी गार्डनमागे पुऱ्या लाटते हे कुणाला कळलं असतं तर? घरी मी लायब्ररीत जाते सांगायची."

"काहून? पुरी लाटणं म्हणजे का चोरी आहे?"

"नाही ना. पण फॉर्मची फी, क्लास, दर वेळी बाबांपुढे हात पसरायचा कंटाळा आला होता."

भानुमतीनं तिच्यासाठी समोसा मागवला. समोसा खाऊन झाल्यावर मुलगीच म्हणाली, "काकू, मार्चमध्ये गाड्या मोजायचं काम आहे. क्लासमधल्या एका दीदीचा भाऊ सुपरवायझर आहे. दोघीजणी पाहिजेत. येता?"

"येतो. पण नाव कोणतं सांगशील?"

"खरं," यशश्री म्हणाली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहाला, दोघी गढ्याच्या रस्त्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसल्या. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर पॅड. दर पंधरा मिनिटांना नवा रकाना. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाले पाच. शहराकडं जाणाऱ्या गाड्याच त्यांच्या. उलट दिशेच्या गाड्यांना समोर दुसरी जोडी. यशश्रीकडं दुचाकी आणि ऑटो, भानुमतीकडं कार, बस, ट्रक, ट्रॅक्टर. आठपर्यंत गंमत होती. शाळेच्या वेळेला दुचाक्यांचा असा लोंढा आला की यशश्री बोलायची बंद झाली.

सव्वाआठला एक जुनी राखाडी स्कूटर समोरून गेली. यशश्रीनं रेघ ओढली आणि पेन्सिल तिथंच टेकवून ठेवली.

"काय झालं?"

"बाबा."

स्कूटर पन्नास पावलांवर थांबली. भय्यासाहेबांनी ती बाजूला लावली, हेल्मेट काढलं आणि चालत परत आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. भानुमती उभी राहिली. यशश्रीला उठता येत नव्हतं, गाड्या येतच होत्या.

"ही लायब्ररी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. काम आहे. दोन वाजेपर्यंत." ती रस्त्यावरून नजर न काढता रेघा ओढत होती. तिचा आवाज कापला, पण रेघ सरळ आली. "डिसेंबरमध्ये पण केलं होतं. लग्नांमध्ये. पुऱ्या लाटल्या."

भय्यासाहेबांनी खिशातून चष्मा काढला आणि मुलीच्या खांद्यावरून पॅडवर वाकले. मिनिटभर ते नुसते बघत होते, एकदा रस्त्याकडं, एकदा कागदाकडं.

"ई-रिक्शा कुठे लिहिलीस?"

"तिचा वेगळा रकाना आहे."

"मग ही आत्ता गेली ती? ती ऑटोत टाकलीस तू."

यशश्रीनं पाहिलं. खरंच चूक झाली होती. तिनं खोडून योग्य रकान्यात रेघ ओढली.

"मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं," ते म्हणाले. मग भानुमतीकडं वळून हात जोडले. "तुमची ओळख?"

"मी भानुमती गावंडे. हिच्यासंगं पुऱ्या लाटल्या जी. हुशार पोरगी आहे तुमची."

"हुशार आहे ते मला माहीत आहे," भय्यासाहेब म्हणाले. "ऊन चढेल आता. टोपी घातली नाही हिने." ते स्कूटरकडं गेले आणि निघून गेले. यशश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते बाहीनं पुसलं, कारण दोन्ही हात कामात होते.

नऊच्या सुमारास ते परत आले. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात दोन कापडी टोप्या. एक त्यांनी मुलीच्या डोक्यावर ठेवली, दुसरी भानुमतीपुढं धरली. सुपरवायझर येऊन म्हणाला, "अंकल, बाहरवालों को यहाँ बैठना मना है." "बैठ कौन रहा है," भय्यासाहेब म्हणाले आणि मागच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. तिथून ते दोन वाजेपर्यंत हलले नाहीत. थर्मासातला चहा पिता पिता त्यांनी तिथूनच पुढं वाकून भानुमतीला हळूच विचारलं, "या कामाला वयाची काही अट असते का हो?"

"मोजता आलं पायजे, बस," भानुमती म्हणाली, आणि समोरून आलेल्या ट्रॅक्टरची रेघ ओढून झाल्यावर तिनं आपल्या यादीत त्यांचा नंबर विचारून लिहून घेतला.