सात ओळींचे तीन रुपये

मंठ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मी हिशेब लिहायचे. जालन्याच्या ठोक व्यापाऱ्याचं पहिलं कंप्युटरचं बिल आलं, ते माझ्या वहीपेक्षा तीन रुपयांनी कमी.

मालक म्हणाले, "बाई, मशीन चुकत न्हाई. तुमचंच चुकलं असंल."

मी तडकले. बिलातल्या सातही ओळींचे चाळीस-चाळीस पैसे मशीननं आधीच सोडून दिले होते. मी ते धरले, म्हणून माझ्या बेरजेत दोन रुपये ऐंशी पैसे जास्त आले, अन् पूर्ण रुपया मी शेवटी एकदाच केला. झाले तीन.

व्यापाऱ्याला तसं लिहून पाठवलं. पुढच्या बिलात ओळीओळीला पैसे होते, पूर्ण रुपया फक्त तळाला.

मालकांनी ते बिल माझ्यापुढं सरकवलं. "बराबर हाय का, बाई?"

मी म्हणाले, "शिकलं मशीन."