चौदावा कागद

जुनी झेरॉक्स मशीन विकणाऱ्या बीडच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. मी भाव पाडत होतो, तेव्हा तो शपथेवर म्हणाला, "शेठ, कागद ओढणाऱ्या फीडरचे रोलर आन् पॅड नवेकोरे हायेत."

वडवणीच्या माझ्या दुकानात ऊसतोडीची एक बाई मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज भरायला आली. शेवटचा दिवस होता. चौदा कागद मी फीडरमध्ये ठेवले आणि स्कॅन होताच ऑनलाइन अर्ज पाठवायला निघालो.

पडद्यावरची पानं बोटाने मोजून ती म्हणाली, "भाऊ, तेराच हायेत."

मी भडकलो. "मावशी, मशीन चुकती का?"

"मोळ्या मोजण्यात हयात गेली माझी. तेराच हायेत."

उत्पन्नाचा दाखलाच नव्हता. तो पुढच्या कागदाखाली दबून, स्कॅन न होताच बाहेर पडला होता. झाकण उघडलं, तर रोलर गुळगुळीत झालेला आणि कागद सुटे करणारं पॅड झिजून खोलगट. व्यापाऱ्याने नुसतं पुसून दिलं होतं.

काचेवर एकेक कागद ठेवून मी अर्ज पाठवला. मुलीला प्रवेश मिळाला. त्या बाईने माझी लाज राखली, हे मी विसरणार नाही.

पण तिच्याआधी गेलेल्या अर्जांमधले कागद कोणी मोजले होते? त्याचं उत्तर त्या व्यापाऱ्याने माझ्या दुकानात येऊन द्यावं.